सात महिन्यांनी आलेल्या मेसेजचं उत्तर

नागपुरात प्रेमपत्रांचा विषय निघाला आणि बोलणाऱ्यांत कुणी साठीच्या पुढचं असलं, की 'कुसुमानिल'चं नाव निघतंच. कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे आणि कुसुम जयवंत यांनी लग्नाआधीच्या वर्षांत एकमेकांना लिहिलेली ही पत्रं. जाती वेगळ्या होत्या, घरून विरोध होता, शिक्षणासाठी दोघं वेगवेगळ्या गावी होते. पुढे कुसुमताई शिकायला लंडनला, वेस्टफील्ड कॉलेजात गेल्या. 1929 साली लग्न झालं. 1961 साली कुसुमावती गेल्या आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, 1972 साली, ही पत्रं पुस्तकरूपाने आली.

त्या काळी पत्राची वाट पाहणाऱ्याला एक मोठा आधार होता, तो म्हणजे टपालखातं. इंग्लंडहून हिंदुस्थानात विमानाने नियमित टपाल येऊ लागलं तेच 1929 साली. त्याआधी सगळी भिस्त आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या बोटीवर. पत्र पोचायला दोन आठवडे, उत्तर यायला आणखी दोन, शिवाय बोट चुकली तर पुढचा आठवडा. एका प्रश्नाचं उत्तर यायला महिना-सव्वा महिना गेला तर त्याचा दोष कुणाच्याच माथी येत नसे. मधल्या शांततेला काही अर्थ आहे की काय, असं मनात आलं तरी बोटीवर ढकलून देता येत असे.

आता ती सोय राहिलेली नाही. मेसेज पोचला हे दोन करड्या खुणांनी कळतं, वाचला हे निळ्या खुणांनी कळतं. 2014 च्या नोव्हेंबरात या निळ्या खुणा आल्या तेव्हापासून 'पाहिलाच नाही' म्हणायची पळवाटही जवळजवळ बुजली. समोरचा माणूस सात महिने गप्प होता आणि त्या सात महिन्यांत तो तुमचं स्टेटस रोज रात्री पाहत होता, हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून आजच्या मौनाला मालक असतो. मौनानंतर एका रात्री लांबलचक, मनापासून लिहिलेला मेसेज येतो तेव्हा त्यातल्या मजकुराइतकंच ते मालकीचं मौनही त्याच्यासोबत येतं. पुढच्या पानांत ज्या उत्तरांचा विचार केला आहे त्यांची अडचण इथूनच सुरू होते. मेसेज सुंदर असतो, त्यामुळे उत्तर मेसेजला दिलं जातं. मौनाबद्दल कुणी काही बोलत नाही. मग दोन महिन्यांनी तेच मौन पुन्हा सुरू होतं आणि तेव्हा विचारायची सोयही उरत नाही, कारण पहिल्या वेळी आपणच ते सोडून दिलेलं असतं.

नुसतं तत्त्व सांगून हे कळत नाही, म्हणून एक उदाहरण रचून घेऊ. ती सत्तावीस वर्षांची, त्रिमूर्तीनगरात आईवडिलांकडे राहते, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. तो कॉलेजातला, नंतर पुण्याला नोकरीला गेलेला. एकमेकांना आवडत होते; तसं कुणी बोललं नव्हतं, पण फुटाळ्यावरच्या संध्याकाळी आणि त्यानंतरच्या रात्री-रात्रीच्या गप्पा पाहता बोलायची गरजही नव्हती. गेल्या दिवाळीनंतर त्याने बोलणं थांबवलं. तिने दोनदा विचारलं, एकदा फोन केला. काही नाही. संक्रांतीला तिळगुळाचं चित्र आलं, तेही सगळ्यांना एकदम पाठवलेलं दिसत होतं. तिने 'तुलाही' एवढं लिहिलं. मग जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, रात्री सव्वा वाजता साधारण चारशे शब्दांचा मेसेज.

हे तिळगुळाचं चित्र किरकोळ नाही. आपल्याकडे अबोला मोडायला सणांनी रीतसर जागा करून ठेवल्या आहेत. संक्रांतीला गोड बोलायचं, दसऱ्याला सोनं द्यायचं, आणि त्या दिवशी बोललेल्याचा कुणी हिशेब मागायचा नाही. गप्प बसलेला माणूस बहुतेकदा याच दाराने आधी डोकावून जातो. चित्र गेलं, उत्तर आलं, म्हणजे आपल्याला ब्लॉक केलेलं नाही, एवढी चाचपणी होते. म्हणून असा लांब मेसेज आला की आधी वर सरकवून मागचे पाच-सहा निरोप पाहावेत. चाचपणी महिनाभर चाललेली असेल तर रात्री सव्वाचा मेसेज वाटतो तितका अचानक नसतो. तो बराच काळ मनात घोळत होता, कदाचित दोनचारदा लिहून खोडलाही गेला असेल. याने मेसेज खोटा ठरत नाही, पण 'मी आत्ता राहवलं नाही म्हणून लिहितोय' हे वाक्य त्यात असेल तर ते किती धरायचं हे कळतं.

आता मेसेज. त्यात काय होतं? तिची रोज आठवण यायची. हिवाळ्यात बाबांची बायपास झाली, त्याच सुमारास कंपनीत कपात सुरू झाली, तो कुणाशीच बोलत नव्हता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सकाळी सकाळी खाल्लेले तर्री पोहे आणि तिने डोळ्यांत पाणी येईपर्यंत तर्री ओतून घेतली होती ती गोष्ट. 'मी तुझ्याशी नीट वागलो नाही' असं एक वाक्य. 'तुला उत्तर द्यायचं नसेल तर मी समजू शकतो' असं एक. आणि शेवटी, 'माफ करशील ना?'

वाचल्यावर गळा दाटून येतो, आणि तो यावाच. पण उत्तर लिहायला बसण्याआधी हा मेसेज कागदावर उतरवून घ्यावा आणि चार रंगांनी खुणा कराव्यात. स्वतःबद्दलची वाक्यं एका रंगाने, तिच्याबद्दलची दुसऱ्या, मौनाबद्दलची तिसऱ्या, पुढच्याबद्दलची चौथ्या. कपाळाला आठ्या घालून करायचं हे काम आहे आणि त्याला अर्धा तास पुरतो. आपल्या उदाहरणात पहिल्या रंगाने जवळजवळ सगळं पान भरतं. तिच्याबद्दल जे आहे ते सगळं आठवणीतलं, भूतकाळातलं. ती आता कशी आहे, काय करते, हा प्रश्नच नाही. मौनाबद्दल एकच वाक्य, तेही मोघम. पुढच्याबद्दल काहीही नाही. चारशे शब्द वाचून ती भारावली, पण या चारशे शब्दांनी तिच्याकडे मागितलं आहे ते फक्त माफी.

असं का होतं, हे समजायला मानसशास्त्रातलं एक जुनं काम उपयोगी पडतं. जेम्स पेनबेकर या अमेरिकन संशोधकाने 1986 साली, सॅन्ड्रा बील यांच्यासोबत, कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढे हा प्रयोग अनेकांनी करून पाहिला, परिणाम कुठे दिसला, कुठे फार थोडा. आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे. त्या विद्यार्थ्यांच्या लिखाणाला कुणीही उत्तर देणार नव्हतं. लिहिण्याने जे व्हायचं ते लिहितानाच होत होतं. रात्री सव्वाचे बरेच मेसेज याच जातीचे असतात. लिहून, पाठवून, त्याला झोप लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हलका असतो आणि जागरण तिच्या वाट्याला आलेलं असतं. तिने त्याच दुपारी तितकंच लांब, तितकंच ओलं उत्तर पाठवलं, तर ते अशा माणसाच्या हातात पडतं ज्याची गरज आदल्या रात्रीच भागली आहे. मग तिकडून येतं ते 'थँक्स यार, खूप बरं वाटलं', आणि तिला कळत नाही की आपण एवढं लिहिलं त्याचं काय झालं.

यात त्याचा कावा असतो असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं की आपण पत्र लिहिलं की रोजनिशी. म्हणूनच उत्तराचं पहिलं काम हे तपासण्याचं असतं.

यातला एक प्रकार आपल्या समाजात फार ओळखीचा आहे, पण मैत्रिणी-मैत्रिणींत सोडून त्याबद्दल कुणी बोलत नाही. लग्न ठरलेलं असतं. साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेला असतो आणि त्याला किंवा तिला पाटी कोरी करून पुढे जायचं असतं. हे मेसेज ओळखता येतात. क्रियापदं सगळी भूतकाळी, आठवणी नेमक्या आणि गोड, तक्रार एकही नाही, आणि शेवट 'तू नेहमी सुखी राहा' अशा वळणाचा. पुढच्याबद्दलचा चौथा रंग इथेही रिकामाच असतो, पण हा रिकामेपणा विसरल्यामुळे आलेला नसतो. शंका आली तर आडवळणाने चाचपत बसू नये. 'तुझं लग्न ठरलं आहे का?' हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्याचं उत्तर आल्याखेरीज दुसरं काही लिहायची घाईही करू नये.

आता माफीचं. 2016 साली रॉय लेविकी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी माफीचे सहा भाग वेगळे करून लोकांना तोलायला दिले: खेद, कारण, चूक माझी आहे अशी कबुली, पुन्हा असं करणार नाही हे आश्वासन, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांनी सगळ्यात जास्त वजन चूक कबूल करण्याला दिलं, त्याखालोखाल भरपाईच्या तयारीला, आणि सगळ्यात कमी क्षमेच्या विनंतीला. ते प्रयोग नोकरीतल्या कल्पित चुकांवर बेतलेले होते, प्रेमाबिमावर नव्हे, तेव्हा जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. पण ते सहा भाग समोर ठेवून आपला मेसेज पुन्हा वाचला की त्यातली पोकळी दिसते. कारणं भरपूर आहेत, खेद आहे, क्षमेची विनंती आहे. कबुली मोघम आहे, 'नीट वागलो नाही'. म्हणजे काय केलं? तिच्या दोन निरोपांना आणि एका फोनला उत्तर दिलं नाही, हे तो कुठेही लिहीत नाही. भरपाईचं तर नावच नाही. जे सगळ्यात वजनदार ते गायब आणि जे सगळ्यात हलकं ते शेवटच्या ओळीत, प्रश्नचिन्हासकट. त्या प्रश्नाला ती 'अरे वेडा आहेस का, कधीच माफ केलं' असं उत्तर देऊन टाकते, आणि कशासाठी माफ केलं हे दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

वेळेबद्दल थोडं. रात्री उत्तर लिहू नये हे सगळे सांगतात आणि कुणी ऐकत नाही. कारण निळ्या खुणा उमटून गेलेल्या असतात आणि आता आपण गप्प बसलो तर आपणही त्याच्यासारखेच, ही टोचणी असते. त्यावर साधा उपाय आहे. 'वाचला. दोन-तीन दिवसांत नीट लिहिते.' एवढं पाठवावं. यात प्रेमही नाही, राग नाही, पण त्याला काय वाटून घ्यायचं आहे ते घ्यायला जागाही उरत नाही, आणि आपल्या शांततेला तारीख मिळते. त्याने जे केलं नव्हतं ते आपण पहिल्याच ओळीत करून दाखवलं, हा एक फायदा आहेच.

मसुदा मात्र चॅटच्या चौकटीत लिहू नये. वर 'टायपिंग' असं पलीकडे दिसत राहतं, दिसतं, जातं, पुन्हा दिसतं, आणि तो जागा असेल तर तुमचं प्रत्येक खोडणं त्याला कळतं. शिवाय बोट चुकलं तर अर्धा मसुदा जातो. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो खरा, पण त्यावर दुरुस्त केल्याची खूण राहते आणि पहिला मजकूर तोवर वाचलाही गेलेला असतो. वहीत लिहावं, किंवा फोनच्याच नोट्समध्ये.

आणि तो मेसेज चार मैत्रिणींना स्क्रीनशॉट काढून पाठवू नये. एकीला दाखवावा, तोही प्रत्यक्ष भेटून. आपल्याकडच्या मैत्रिणी जिवाला जीव देणाऱ्या, पण अशा प्रसंगी त्या मिळून त्याची मारबत काढतात. 'काऊन उत्तर देऊन राहिली बे त्याला? ब्लॉक कर ना!' त्यांचा राग खरा असतो आणि बहुधा रास्तही. पण चार जणींनी वाचलेल्या मेसेजला दिलेलं उत्तर त्या चौघींनाही आवडावं लागतं. मग त्यात एक टोमणा येतो, एक विनोद येतो, आणि ज्याला लिहायचं तो बाजूला राहतो.

विनोदाचं तर इथे नावच काढू नये. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी 2005 साली ईमेलवर एक प्रयोग केला. गंभीर आणि उपरोधिक अशी वाक्यं लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपला सूर वाचणाऱ्याला शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर वेळा तरी कळेल. प्रत्यक्षात तो कळला छप्पन्न वेळा, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरा. नागपुरी बोलण्यात 'बे' हा शब्द लाडाचा आहे की तुच्छतेचा हे आवाजावरून ठरतं. सात महिने आवाज ऐकलेला नसताना 'जिवंत आहेस का बे?' हे पडद्यावर कसं वाचलं जाईल याचा भरवसा नाही. तिला ते हसत लिहायचं होतं. तो ते दुखावून वाचेल आणि पुन्हा स्पष्टीकरणाचे चारशे शब्द येतील.

तर तिचे मसुदे. पहिला रात्री पावणेदोनला लिहिलेला, त्याच्या मेसेजइतकाच लांब. त्यात तिलाही त्याची आठवण यायची, तिलाही तर्री पोहे आठवतात, आणि 'तुला खरं सांगू, मला तू तेव्हा खूप आवडायचास' हे वाक्य. हे वाक्य पहिल्या उत्तरात का नको, ते सांगितलं पाहिजे, कारण ते नेमकं पहिल्या उत्तरातच येतं. 'आवडायचास' भूतकाळी आहे, पण इतक्या महिन्यांनी मध्यरात्री आलेला भूतकाळ कुणीही वर्तमान म्हणूनच वाचतो. तिला खरोखर काय म्हणायचं आहे हे तिचं तिला ठरलेलं नसताना ते वाक्य तिच्या वतीने ठरवून टाकतं. आवडायचा तो तेव्हाचा मुलगा होता, आताच्या माणसाची तिला सात महिन्यांची काहीच माहिती नाही. ते वाक्य खोटं नाही, ते राखून ठेवावं. प्रत्यक्ष भेटीत बोलायला ते चालतं, कारण तिथे चेहरा दिसतो.

दुसरा मसुदा दुसऱ्या दिवशीचा, रागाचा. 'आज बरी आठवण आली' पासून सुरू झालेला आणि तिच्या गेल्या सात महिन्यांचा संपूर्ण पाढा वाचणारा. हा लिहावाच, कारण पेनबेकरचा फायदा तिलाही मिळायला हवा. पण तो वहीत राहावा. त्यातलं एकच वाक्य उचलायचं, ज्यात काय झालं आणि त्याने काय झालं हे दोन्ही आहे.

तिसरा मसुदा असा:

'तुझा मेसेज नीट वाचला. काकांची बायपास झाली हे मला माहीत नव्हतं. आता कसे आहेत? फिरायला लागले का?

दिवाळीनंतर तू बोलणं थांबवलंस तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, एकदा फोन केला होता. उत्तर आलं नाही. माझंच काही चुकलं असं मला बरेच दिवस वाटत राहिलं. नीट वागलो नाही असं तू लिहिलं आहेस, ते याबद्दल आहे का?

मला राग धरून बसायचं नाही. पण पूर्वीसारखं रात्री उशिरापर्यंत बोलणंही आता नको. पुढे नागपूरला आलास तर दिवसा तासभर भेटू. आणि यापुढे काही कारणाने बोलता येणार नसेल तर तेवढं एक वाक्य टाकत जा.'

सुरुवात भावनेने नाही, बातमीने आहे. वडिलांचं ऑपरेशन ही मेसेजातली सगळ्यात कठीण आणि सगळ्यात खरी गोष्ट, तिची दखल आधी घेतली. 'फिरायला लागले का' हा प्रश्न मुद्दाम बारीक आहे. 'काळजी घे' याला अंगठा दाखवून भागतं. चालण्याबद्दल विचारलं की काहीतरी सांगावं लागतं. दुसऱ्या परिच्छेदात मौनाचा महिना, तिचे प्रयत्न आणि तिच्यावर झालेला परिणाम, एवढंच आहे. 'तू मला वापरलंस', 'तुला माणसांची किंमत नाही' अशी त्याच्या मनाची निदानं नाहीत, कारण निदानावर वाद घालता येतो, एका न उचललेल्या फोनवर घालता येत नाही. शेवटचा प्रश्न त्याची मोघम कबुली त्याच्याच हातात परत देतो. माफीच्या प्रश्नाला तिने हो किंवा नाही म्हटलेलं नाही, आणि हे चुकून राहिलेलं नाही. ज्या गोष्टीचं नाव अजून घेतलं गेलेलं नाही तिची माफी मागेपुढे होऊ शकते. तिसऱ्या परिच्छेदात काय नको, काय चालेल आणि एक अट. 'दिवसा तासभर' यात घरच्यांचा विचार आहे, तिचाही आहे. त्रिमूर्तीनगरातली आई रात्री अकराला वाजणाऱ्या फोनकडे कसं पाहते हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

सगळं मिळून ऐंशी-नव्वद शब्द. चारशे शब्दांना चारशे शब्दांनी उत्तर द्यायचं ऋण कुणावर नाही.

तिला पुन्हा सुरुवात करायचीच नसेल तर याहून छोटं पुरतं: 'मेसेज वाचला. काकांची तब्येत सुधारो. मला आता पुन्हा बोलणं सुरू करायचं नाही.' इथे 'सध्या' हा शब्द घालायचा मोह होतो, त्याने वाक्य सौम्य वाटतं. पण 'सध्या' वाचून तो दिवाळीला पुन्हा विचारेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

दोन परिस्थितींना यातलं काहीच लागू नाही. बोलणं तिनेच बंद केलं होतं, नको म्हणून स्पष्ट सांगितलं होतं, आणि तरीही हा मेसेज आला, तर कितीही सुंदर लिहिलेला असो, तो नकार न ऐकल्याचा पुरावा आहे. उत्तर देऊ नये, मेसेज पुसू नये, आणि घरातल्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवावं. दुसरी याच्या अगदी उलट. मेसेजात जगण्याचा कंटाळा, निरोपाची भाषा, 'हे शेवटचं लिहितोय' असं काही असेल तर मसुदे करत बसायचं नाही. फोन करायचा, थेट विचारायचं, त्याच्या जवळ राहणाऱ्या कुणाला तरी गाठायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतही मिळते. तो क्रमांक त्यालाही द्यावा आणि घाबरून गेलो असलो तर आपणही लावावा. तो माणूस आपल्याला एकेकाळी आवडत होता म्हणून त्याला वाचवायची सगळी जबाबदारी आपल्यावर येत नाही, आणि जुन्या रागापायी ती झटकूनही टाकता येत नाही.

उरतं ते उत्तर पाठवल्यानंतरचं. तिकडून काय येतं यावर सगळं कळतं आणि त्यासाठी फार सूक्ष्म वाचनही लागत नाही. 'हो, त्याबद्दलच. तुझा फोन वाजत होता आणि मी पाहत बसलो होतो, काय बोलावं कळत नव्हतं' असं आलं, तर कबुलीला नाव मिळालं; आता माफीचा विचार करता येतो. 'तुला कल्पना नाही मी कशातून जात होतो' असं आलं, तर पहिलाच मेसेज पुन्हा आला आहे, फक्त थोडा चिडून. नुसते हृदयाचे बदाम आणि हात जोडलेले आले, तर वाचलं गेलं पण ऐकलं गेलं नाही. वडिलांच्या चालण्याबद्दल उत्तर आलं आणि बाकीच्याबद्दल नाही, तर चार दिवस थांबावं. लाजरी माणसं सोप्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि कधी कधी अवघडाकडे येतात. आलेला शब्द मोलाचा असला तरी खरी पारख पुढच्या दोन-तीन महिन्यांत होते, त्याला पहिल्यांदा काही कारणाने बोलता येत नाही तेव्हा. ते एक वाक्य येतं का?

आणि काहीच आलं नाही, निळ्या खुणा उमटल्या आणि पुन्हा शांत, तर दुसरा मेसेज पाठवू नये. 'मिळाला का?' हेही विचारू नये, कारण मिळाला आहे. ज्याच्यावर तीन मसुदे खर्च केले तो माणूस पुन्हा गप्प बसला याचं वाईट वाटेलच, पण या वेळी एक फरक आहे. मागच्या दिवाळीनंतर तिला ठाऊक नव्हतं की आपलं काय चुकलं. आता तिचं म्हणणं त्याच्यापाशी पोचलेलं आहे, नावानिशी आणि तारखेनिशी, आणि पुढच्या संक्रांतीला तिळगुळाचं चित्र आलं तर त्याला 'तुलाही' म्हणायचं की नाही, हे ठरवायला तिला पुन्हा मैत्रिणींची सभा भरवावी लागणार नाही.